सात टक्के नफा, पण पोती किती?

शिरकतीच्या धंद्यात पैसे घालणाऱ्या घरांत वर्ष संपले की एकच प्रश्न विचारला जातो: नफा किती झाला? भागीदार वही उघडतो, बेरीज-वजाबाकी होते आणि लाखावर सात हजार सुटले असे कळले की सगळे समाधानाने उठतात. सात टक्के म्हणजे काही फार नाही, पण मूळ रक्कम शाबूत आहे आणि वर थोडे मिळाले, अशी समजूत होते. ही समजूत काही वर्षी खरी असते आणि काही वर्षी साफ चुकीची. ते कसे ओळखायचे, एवढाच या महिन्याचा आमचा विषय आहे.

उदाहरण किराणा दुकानाचे घेऊ. एका घराने नातलगाच्या दुकानात एक लाख रुपये घातले. त्या वेळी तूरडाळीचे पोते पाच हजारांना होते असे धरू. म्हणजे त्या लाखाची वीस पोती आली. वर्षभर विक्री झाली, खर्च वजा गेला, आणि शेवटी हाती एक लाख सात हजार राहिले. रुपयांच्या भाषेत सात टक्के वाढ झाली. हिला आपण दर्शनी वाढ म्हणू, कारण ती वहीत दिसते.

आता दुकान पुन्हा भरायचे आहे. पण वर्षभरात भाव वाढले आणि तेच पोते 5,811 रुपयांना झाले. एक लाख सात हजारांत आता वीस पोती येत नाहीत, अठरा येतात आणि एकोणिसाव्याचा अर्ध्याहून कमी भाग येतो. रुपये वाढले, माल घटला. पोत्यांच्या भाषेत मोजली तर ही जवळजवळ आठ टक्क्यांची घट आहे. हीच खरी वाढ, किंवा इथे खरी घट.

5,811 हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. जानेवारी 2009 ते जानेवारी 2010 या एका वर्षात आपल्या देशात भाव ज्या प्रमाणात वाढले, त्या प्रमाणात पाच हजारांचे पोते वाढवले की तो येतो. 2009 साली पाऊस सरासरीपेक्षा 22 टक्के कमी पडला होता. 1972 नंतरचा तो सर्वांत मोठा दुष्काळ. डाळी आणि साखर भडकली, साखर किलोला चाळीस रुपयांच्या वर गेली, हे ज्यांनी तेव्हा घर चालवले त्यांना आठवत असेल. केंद्र सरकारचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ज्यावर ठरतो तोच हा आकडा. जानेवारी 2009 मध्ये तो 148 होता आणि जानेवारी 2010 मध्ये 172. म्हणजे जी ठरावीक यादी आधी 148 रुपयांत घरी येत होती तिला वर्षाने 172 रुपये लागू लागले. ही वाढ 16.2 टक्क्यांची आहे.

बरेच जण इथे सातातून सोळा वजा करून नऊ टक्के तोटा म्हणतात. ढोबळ अंदाजाला ते चालते, पण भाव इतके चढलेले असताना ती वजाबाकी बरोबर उत्तर देत नाही, कारण मिळालेले सात हजारसुद्धा वाढलेल्या भावानेच खर्च व्हायचे असतात. बरोबर रीत भागाकाराची आहे. वर्षाअखेरची रक्कम घ्या, तिला जुन्या निर्देशांकाने गुणा आणि नव्याने भागा. 1,07,000 गुणिले 148 भागिले 172, उत्तर येते सुमारे 92,070. म्हणजे जानेवारी 2010 मधले एक लाख सात हजार रुपये हे जानेवारी 2009 मधल्या ब्याण्णव हजार रुपयांइतकेच काम करत होते.

इथपर्यंत आपण धरले की नफा दुकानातच राहिला. पण बहुतेक घरांत तसे होत नाही. एखाद्या बेवा खालांनी आपली सगळी पुंजी भाच्याच्या दुकानात ठेवलेली असते आणि दरवर्षीच्या नफ्यावर त्यांचे घर चालते. त्या म्हणतात, मी मूळ रकमेला हात लावत नाही, फक्त नफा खाते. वरच्या वर्षात सात हजार काढून घेतल्यावर दुकानात एक लाख उरले. त्याची पोती आली सतरा. आधी वीस होती. म्हणजे त्या वर्षी नफा नव्हताच. नफा म्हणून जे काढले ते भांडवलच होते, फक्त वहीने त्याला नफा हे नाव दिले होते.

हे एका वर्षाने लक्षात येत नाही, पाच वर्षांनी येते. तोच निर्देशांक जानेवारी 2014 मध्ये 237 वर पोचला. खालांनी या पाच वर्षांत दरवर्षी सात हजार घेतले आणि वहीत एक लाख तसेच दिसत राहिले, तर त्या लाखाची किंमत 2009 च्या रुपयांत फक्त 62,400 उरते. वीस पोत्यांची साडेबारा झाली. शिवाय दरसालचे सात हजारही दरवर्षी कमी माल आणू लागले. कुणी फसवले नाही, हिशेबात खोट नाही, तरी पुंजीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला. ज्यांनी काहीच काढले नाही आणि सात टक्क्यांवर सात टक्के चढू दिले, त्यांच्या लाखाचे पाच वर्षांत 1,40,255 झाले. पण तेही 2009 च्या भावाने 87,600 च्या आसपासच भरतात.

मग सात टक्के वाईटच का? नाही. याच पाच वर्षांत एक वर्ष वेगळे गेले. जानेवारी 2011 मध्ये निर्देशांक 188 होता, जानेवारी 2012 मध्ये 198. भाव सव्वापाच टक्क्यांच्या जवळपास वाढले. त्या वर्षी सात टक्के मिळवणाऱ्याची खरी वाढ दीड टक्क्याहून थोडी जास्त झाली. थोडी, पण खरी. त्या वर्षी खालांना लाखामागे सुमारे 1,680 रुपये भांडवलाला धक्का न लावता काढता आले असते. सात हा आकडा दोन्ही वर्षी तोच होता, एका वर्षी तो घट होता आणि दुसऱ्या वर्षी वाढ. म्हणून नुसता नफ्याचा टक्का ऐकून काहीही ठरवता येत नाही. त्याच्या शेजारी भाववाढीचा टक्का ठेवावा लागतो.

हा टक्का मिळवणे अवघड नाही. श्रम ब्युरो दर महिन्याला निर्देशांक जाहीर करतो. देशाबरोबर तो मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर अशा केंद्रांचाही निघतो. फक्त एका ठिकाणी जपायचे. या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष मधूनमधून बदलते. ऑगस्ट 2020 पर्यंत 2001 साल म्हणजे 100 असे धरले जात होते, सप्टेंबर 2020 पासून 2016 साल म्हणजे 100. त्यामुळे एका महिन्यात आकडा 338 वरून 118 च्या घरात आला. भाव उतरले नव्हते, मोजपट्टी बदलली होती. जुना आकडा आणि नवा आकडा यांची तुलना करायची असेल तर नव्याला 2.88 ने गुणून घ्यावे लागते. नाहीतर तोटा झालेल्या माणसाला भरघोस फायदा झाल्यासारखा वाटेल.

दुसरी मर्यादा अशी की निर्देशांक सरासरी घराचा असतो, तुमच्या घराचा नव्हे. 2009 च्या त्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे 46 टक्के होता. ज्या घरात मिळकतीचा मोठा भाग किराणा, दूध आणि मटणावरच जातो, त्याला दुष्काळी वर्षात याहून जास्त झळ बसते. उलट स्वतःच्या घरात राहणाऱ्याला भाडेवाढ लागत नाही, पण निर्देशांकात ती धरलेली असते.

म्हणून घरचा निर्देशांकही काढून पाहावा. समजा गेल्या वर्षी याच महिन्यात खाण्यापिण्याला सहा हजार, शाळा-दवा-प्रवासाला तीन हजार आणि बाकी किरकोळ एक हजार लागले. तेवढाच माल आणि तेवढीच गरज या वर्षीच्या भावाने 7,200, 3,300 आणि 1,050 मध्ये भागली. दहा हजारांचे 11,550 झाले, म्हणजे तुमच्या घरची भाववाढ साडेपंधरा टक्के. इथे चूक होते ती अशी की लोक भावांऐवजी खर्चाची तुलना करतात. रमजानचा महिना साध्या महिन्याशी ताडला, किंवा मध्ये घरात निकाह होता, तर वाढलेला खर्च ही महागाई नव्हे. वजन तेच ठेवून भाव बदलायचे.

शिरकतीच्या धंद्यात याहून सोपा एक मार्ग हाताशी आहे. जकातीच्या हिशेबासाठी दुकानातल्या मालाची त्या दिवसाच्या बाजारभावाने किंमत काढलीच जाते. त्याच दिवशी भागीदाराने रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना लिहावा: या रकमेत आजच्या खरेदीभावाने गेल्या वर्षीइतका माल येतो का? येत असेल आणि वर काही उरत असेल, तर उरले तेवढाच वाटण्याजोगा नफा. येत नसेल, तर जे कमी पडते ते आधी दुकानात ठेवावे आणि मगच हिस्से करावेत. कुणाला हाताला पैसे लागतच असतील तर जरूर घ्यावेत, पण ते भांडवलातून घेतले असे वहीत नोंदवावे, म्हणजे पाच वर्षांनी आश्चर्य वाटायला नको.

रुपयांत लिहिलेल्या आणि वर्षानुवर्षे देणे राहिलेल्या मेहरलाही हाच हिशेब लागतो. तिथे तर दर्शनी वाढ शून्य असते. 2009 च्या जानेवारीत ठरलेले पन्नास हजार पाच वर्षांनी दिले, तर देणाऱ्याने पन्नास हजार दिले हे खरे, पण घेणारीच्या हाती जुन्या भावाने एकतीस हजारांचेच काम करणारी रक्कम पडली. मेहर उशिरा देण्याची किंमत कोण मोजते, हे त्यावरून कळते.