नेहमीच्या गिऱ्हाइकाची सवलत आणि दुकानदाराचा नफा

नेहमीच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक बिलावर दहा टक्के सूट दिली, तर दुकानदाराचे फार तर दहा टक्के जातात आणि वाढत्या विक्रीतून ते सहज भरून निघतात, असा समज किरकोळ व्यापारात रूढ आहे. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. जाहिरात करून नवे गिऱ्हाईक ओढण्यापेक्षा आलेले टिकवणे पुष्कळदा स्वस्त पडते. त्याची चूक हिशेबात आहे. सूट मोजली जाते ती विक्रीच्या रकमेवर, पण वजा होते ती ढोबळ नफ्यातून, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च काढल्यावर जे उरते त्यातून.

फरसाण-मिठाईच्या दुकानाचा एक नमुना-हिशेब घेतला, तर हे स्पष्ट होते. सरासरी बिल ४०० रुपयांचे, त्यातील मालाचा खर्च २८० आणि ढोबळ नफा १२० रुपये असेल, तर दहा टक्के सुटीपोटी ४० रुपये, म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा जातो. पूर्वी दोन बिलांत मिळणारे २४० रुपये मिळवण्यासाठी आता तीन बिले व्हावी लागतात. शिवाय ही सूट प्रामुख्याने त्यांनाच मिळते, जे तिच्याविनाही आले असते. त्यामुळे निष्ठेचे बक्षीस म्हणून मिरवणारी ही योजना प्रत्यक्षात सरसकट भावकपात ठरते.

म्हणून बक्षीस सवयीच्या पातळीच्या थोडे वर ठेवले पाहिजे. सर्वसाधारण गिऱ्हाईक तीन महिन्यांत सहा वेळा येत असेल, तर त्याच मुदतीतील आठव्या खरेदीवर दुकानातच तयार होणारा चिवडा द्यावा, ज्याची विक्री-किंमत १६० पण खर्च ८० रुपये आहे. सहाऐवजी आठ वेळा आलेल्या गिऱ्हाइकाकडून २४० रुपयांचा जादा ढोबळ नफा मिळतो आणि चिवडा वजा जाता १६० उरतात. मुळातच आठ वेळा येणाऱ्याच्या बाबतीत मात्र ८० रुपये निव्वळ जातात. याचा अर्थ असा की बक्षीस नेणाऱ्या दर तिघांत किमान एक जण योजनेमुळे वाढलेला असेल तरच तोंडमिळवणी होते. एक मेख येथे आहे: तो चिवडा गिऱ्हाईक एरवी विकत घेतच असेल, तर त्याची १६० रुपयांची विक्री बुडते आणि बक्षिसाचा खरा खर्च दुप्पट होतो, म्हणून त्याच्या नेहमीच्या यादीत नसलेला पदार्थ देणे इष्ट.

अशा अटींनी गिऱ्हाईक दुरावते, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. न्यून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटार धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डे वाटली गेली. निम्म्यांवर आठ रिकामी घरे होती, तर उरलेल्यांवर दहा घरे असून दोन आधीच शिक्का मारलेली होती. दोन्हींत खरेदी आठच वेळा करायची होती, तरी पहिली कार्डे १९ टक्के आणि दुसरी ३४ टक्के पूर्ण झाली. अट तीच राहून केवळ सुरुवात झाल्याची भावना उपयोगी पडते, एवढे यातून दिसते. कार्डे भरली म्हणजे नफाही वाढला, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

कारण कार्ड भरण्यासाठी गिऱ्हाईक ४०० रुपयांचे एकच बिल दोनशे-दोनशेचे करून घेऊ शकते. यास्तव शिक्क्यासाठी किमान बिलाची, समजा ३५० रुपयांची, अट हवी, आणि यश शिक्क्यांवरून न मोजता एकूण खरेदीवरून मोजले पाहिजे. छोट्या दुकानालाही हे जमते: ज्यांच्या मोबाईल क्रमांकाचा शेवटचा अंक सम आहे त्यांनाच तीन महिने कार्ड द्यावे आणि दोन्ही गटांची सरासरी खरेदी वहीत ताडून पाहावी. सणाची गर्दी दोन्ही गटांत सारखीच येत असल्याने तिचे श्रेय योजनेला जात नाही.

ओळखीतून नवे गिऱ्हाईक आणणाऱ्याला बक्षीस द्यावे, या मतालाही हाच हिशेब लागू पडतो. नव्याच्या पहिल्याच बिलावर दोघांना पन्नास-पन्नास रुपये दिले, तर १२० पैकी अवघे २० उरतात, आणि एकाच घरातील माणसे एकमेकांना ‘नवे’ म्हणून आणू लागतात. तेच बक्षीस नव्याच्या तिसऱ्या बिलानंतर चिवड्याच्या रूपाने आणणाऱ्याला दिले, तर ८० रुपये खर्च होण्यापूर्वी ३६० रुपयांचा ढोबळ नफा गल्ल्यात जमा झालेला असतो, आणि दुसऱ्यांदा न फिरकणाऱ्या पाहुण्यावर काहीच खर्च होत नाही.