साकवाची नोकरी

डिचोली तालुक्यात नोकरी गेलेल्या घरी पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "खाण सुरू झाली की सगळे ठीक होईल." वाचकहो, हे वाक्य कोणत्या पायावर उभे आहे, ते प्रथम पाहू. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातील खाणकाम थांबविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठविली ती एप्रिल 2014 मध्ये. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी त्याच न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा ओस पडल्या. नव्या पट्ट्यांचा लिलाव डिसेंबर 2022 मध्ये झाला, आणि डिचोलीच्या पहिल्या पट्ट्यात काम सुरू व्हावयास 2024 साल उजाडले. "पुढच्या हंगामात सुरू होईल" असा हिशेब ज्यांनी 2018 साली केला, त्यांना प्रत्यक्षात सुमारे सहा वर्षे काढावी लागली.

यावरून एक भेद ध्यानात धरावा. नोकरी शोधणे वेगळे आणि एखादी गोष्ट घडण्याची वाट पाहणे वेगळे. शोधणारा मनुष्य अर्ज करतो, भेटी घेतो, नकार मिळाल्यास दुसरे दार ठोठावतो. वाट पाहणाऱ्याच्या हाती काहीच नसते. म्हणून किती महिने थांबता येईल हे न्यायालयाच्या तारखेवरून किंवा सरकारी जाहिरातीच्या आशेवरून ठरवू नये. ते घरच्या वहीवरूनच ठरवावे लागते.

तो हिशेब कसा करावयाचा, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, डिचोलीतील एक गृहस्थ वजनकाट्यावर कारकून होते आणि ऑक्टोबरअखेर त्यांचे काम सुटले. बँकेतील शिल्लक आणि हाती पडलेले शेवटचे येणे मिळून त्यांच्याजवळ 1,74,000 रुपये आहेत. मालकाने देऊ केलेले परंतु अद्याप न मिळालेले पैसे यात धरू नयेत. यातून 40,000 रुपये आजारपणासाठी बाजूला काढले आणि जानेवारीत भरावयाच्या विम्याच्या हप्त्याचे 14,000 वेगळे ठेवले. उरले 1,20,000. घरखर्च, वीजबिल आणि मोटारसायकलचा हप्ता धरून काटकसरीचा मासिक खर्च 22,000 होतो. पत्नीच्या शिवणकामातून सरासरी 7,000 येतात. म्हणजे दरमहा 15,000 रुपयांची तूट पडते. 1,20,000 ला 15,000 ने भागले की आठ महिने येतात. गृहस्थ म्हणतात, "जूनअखेरपर्यंत चिंता नाही."

येथेच पहिली चूक होते. आपल्याकडे खर्च बाराही महिने सारखा नसतो. मे महिन्यात पावसाळ्याचे पुरुमेंत भरावे लागते, छपराची कौले चाळावी लागतात, आणि नवे शालेय वर्ष सुरू होताच मुलांची पुस्तके व गणवेश आ वासून उभे राहतात. या सर्वांसाठी 30,000 रुपये आजच वेगळे काढले, तर 90,000 उरतात आणि आठाचे सहा महिने होतात. आता मुदत एप्रिलअखेर संपते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. पैसे एप्रिलअखेर संपणार, म्हणून तात्पुरते काम एप्रिलमध्ये पाहू, असे पुष्कळांना वाटते. परंतु तात्पुरते कामही मागताक्षणी मिळत नाही. ते शोधण्यात एक महिना जातो, आणि काम लागल्यावर पहिला पगार हाती येईपर्यंत आणखी एक. हे दोन महिने सहांतून वजा केले पाहिजेत. म्हणजे केवळ मनासारख्या नोकरीच्या शोधात राहण्याचा काळ फेब्रुवारीअखेर संपतो.

अशा तात्पुरत्या कामाला मी साकवाची नोकरी म्हणतो. साकव ओढ्यापलीकडे जाण्यासाठी घालतात. त्यावर कोणी घर बांधीत नाही. पण तो साकव आपला भार पेलील काय, हेही मोजले पाहिजे. समजा, अशा कामाचा पगार 14,000 आहे. बसभाडे आणि बाहेरचे खाणे यांत 3,000 जातात, हाती 11,000 राहतात. तूट 15,000 ची होती. म्हणजे काम लागूनही दरमहा 4,000 कमी पडणार! शिल्लक शून्यावर आल्यानंतर हे काम धरले, तर ते 4,000 आजारपणाच्या ठेवीतून जाऊ लागतील.

आता हाच निर्णय दोन महिने अलीकडे आणून पाहा. गृहस्थांनी डिसेंबरअखेर साकवाचे काम शोधावयास सुरुवात केली, ते फेब्रुवारीच्या आरंभी लागले आणि पहिला पगार मार्चच्या आरंभी मिळाला. चार महिन्यांत 60,000 खर्च झाले, 30,000 उरले. दरमहा 4,000 ची तूट या रकमेतून साडेसात महिने भागते. म्हणजे आजारपणाच्या ठेवीस हात न लावता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांगल्या नोकरीचा शोध चालू ठेवता येतो. तेव्हा नियम असा की, साकवाच्या नोकरीची प्राप्ती जर तूट पुरी भरून काढीत नसेल, तर उरलेली मासिक तूट गुणिले पुढील शोधाचे महिने एवढी रक्कम हाती असतानाच ती नोकरी धरावी. प्राप्ती तुटीइतकी असेल, तर फेब्रुवारीअखेरची तारीख चालेल.

ही तारीख दिनदर्शिकेवर घालताना ऋतूकडेही पाहावे. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, मांद्रे, हरमल येथे, पर्यटनाची कामे ऑक्टोबर ते मे या काळात असतात. जूनमध्ये तेथे कोणी माणसे घेत नाही. आपली तारीख पावसाळ्यात पडत असेल, तर ती मार्चपर्यंत मागे ओढावी, किंवा तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींसारखी बारमाही कामे पाहावीत. जानेवारी 2023 पासून मोपा येथून विमाने उडू लागली, त्यामुळे पेडण्यात पाळीची कामेही मिळू लागली आहेत.

मात्र पगाराइतकेच वेळेकडेही लक्ष द्यावे. आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तासांचा पहारा पत्करला, तर मुलाखतीस जावयाचे केव्हा? आठ तासांची पाळी आणि कामाच्या दिवशी मिळणारी साप्ताहिक सुटी असेल, तर हजार रुपये कमी घेऊनही ते काम बरे. जेथे अनामत रक्कम मागतात, किंवा ठराविक काळ सोडता येणार नाही असे लिहून घेतात, ते काम साकवाचे नव्हे. कर्ज काढून टॅक्सी किंवा ट्रक घेणे तर मुळीच नव्हे. तो स्वतंत्र धंदा आहे, आणि त्याचा हप्ता वरच्या 22,000 मध्ये भर घालतो. खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत, हे डिचोलीकरांस सांगावयास नको.

शेवटी, ठरलेली तारीख केव्हा बदलावी? मुलाखतीची दुसरी फेरी झाली असेल आणि निकालाचा दिवस सांगितला असेल, तर तेवढ्या दिवसांपुरती ती पुढे न्यावी. "बघू, कळवू" एवढ्यावर ती हलवू नये. पहिल्या दोन महिन्यांत आपल्या जुन्या कामासारख्या जागेसाठी एकही बोलावणे आले नाही, तर उलट ती अलीकडे आणावी. आमच्या उदाहरणातील गृहस्थांनी खाण हा शब्द बाजूला ठेवून वजन-मापाची नोंद ठेवणारा कारकून म्हणून गोदामांत आणि कारखान्यांत विचारावे. ही तारीख पती-पत्नींनी एकत्र बसून, काम सुटल्याच्या पहिल्याच आठवड्यात वहीत लिहावी. पैसे सरत आल्यावर केलेला हिशेब घाबऱ्या मनाचा असतो, आणि त्यात समोर येईल ते पहिले काम बरोबर वाटते.