पर्यायी क्रमांक खरोखर पर्यायी हवा

गणेशोत्सवाच्या बैठकीत कार्यकर्त्यांची यादी होते ती नावांची. माझं म्हणणं असं, की यादी कामांची करावी आणि प्रत्येक कामासमोर दोन क्रमांक असावेत. दोन्ही फोन एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडणार असतील, तर दुसरा क्रमांक लिहून उपयोग नाही.

भंवरकुआंत ही अडचण विशेष आहे. कोचिंग क्लास, वसतिगृहं आणि विद्यापीठाचा परिसर यांमुळे आपले बरेच कार्यकर्ते विद्यार्थी असतात. समजा, वीज आणि ध्वनीची जबाबदारी एका मुलाकडे आहे आणि पर्याय म्हणून त्याच्याच खोलीतल्या मित्राचा क्रमांक दिला. दोघेही एकाच क्लासला जातात. रविवारी सराव परीक्षा असते, फोन बाहेर जमा होतात आणि नेमका तेव्हाच मंडपातला दिवा जातो. इथे पर्याय म्हणून शेजारच्या दुकानदाराचा किंवा कॉलनीतल्या निवृत्त काकांचा क्रमांक हवा. त्यांना मेन स्विच कुठे आहे आणि कंत्राटदार कोण आहे, हेही माहीत असायला हवं. म्हणून कामाच्या रकान्याशेजारी ‘चावी कोणाकडे’ हा रकाना मी आवर्जून ठेवायला सांगते. फोन लागला पण चावी दुसऱ्याच्या खिशात, असं झालं की मंडप अंधारातच राहतो.

अनंत चतुर्दशीची रात्र तर वेगळीच धरावी. त्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात, तरुण मंडळी त्या बघायला राजवाड्याकडे जातात, गर्दीत फोन लागत नाही आणि लागला तरी रस्ते बंद असल्याने माणूस लवकर परतत नाही. त्या रात्रीसाठी पर्यायी क्रमांक नव्याने भरावेत, आणि तेही झांक्यांना न जाणाऱ्यांचे.

क्रमांक तपासायचे ते प्रत्यक्ष फोन करून. गटावरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. अनोळखी क्रमांक बरेच जण उचलत नाहीत. म्हणून मंडळाचा एकच फोन ठरवावा, तो सगळ्यांना जतन करायला सांगावा आणि उत्सवाच्या दोन दिवस आधी त्यावरूनच प्रत्येकाला फोन लावावा. दुसऱ्यांदाही उचलला नाही, तर त्या कामाला दुसरा माणूस शोधावा.

छापील कागद मंचामागे आणि प्रसादाच्या स्वयंपाकघरात लावावा, वर तारीख घालावी म्हणजे जुनी प्रत ओळखता येते. खाली रुग्णवाहिकेचा १०८ आणि विजेच्या तक्रारीचा १९१२ लिहावा. भिंतीवर मात्र फक्त कामप्रमुखांचे आणि त्यांच्या पर्यायांचेच क्रमांक असावेत, तेही त्यांना विचारून. बाकी सगळ्यांचे, विशेषतः मुलींचे, क्रमांक चिटणिसांच्या वहीत राहावेत. उत्सव संपला की भिंतीवरचा कागद काढून फाडावा.

यंदाच्या पहिल्या बैठकीत वर्गणीच्या आधी हा तक्ता भरायला घ्यावा, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.