टक्केवारीचा छेद कुठे आहे?

निपाणीच्या बाजारपेठेत कुणाही व्यापाऱ्याला विचारा, "तुमच्या दुकानात काय चालतं?" तो लगेच सांगेल, "गुळाचा वीस टक्के धंदा, तांदळाचा तीस टक्के." आपण मान डोलावतो. पण हे वीस टक्के कशाचे, असे विचारणारा मला तरी क्वचितच भेटला आहे. वाणिज्याच्या वर्गाला मी संगणकावरील हिशेब शिकवतो. अंश सगळ्यांना दिसतो आणि छेद कुणालाच दिसत नाही, हा अनुभव तिथेही रोजचा आहे. आज लिहायचे आहे ते या छेदाबद्दलच.

प्रश्न साधा आहे. विक्रीच्या नोंदी एका तक्त्यात आहेत. प्रत्येक मालाची एकूण विक्री किती आणि ती सर्व विक्रीच्या किती टक्के, एवढेच काढायचे आहे. एक उदाहरण घेऊ. दुकान कल्पनेतले आहे, पण निपाणीत शोभेल असे आहे. एका ठोक दुकानाची महिन्याची विक्री समजा अशी आहे : कर्नाटकातल्या गिऱ्हाइकांना गूळ 30,000 रुपयांचा, तांदूळ 50,000 चा, मिरची 12,000 ची आणि शेंगतेल 28,000 चे. कागल आणि कोल्हापूरकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, दुकानदारांना गूळ 10,000 चा, तांदूळ 10,000 चा, मिरची 48,000 ची आणि शेंगतेल 12,000 चे. कर्नाटकाची बेरीज 1,20,000, महाराष्ट्राची 80,000, आणि सारे मिळून 2,00,000.

एसक्यूएलमध्ये हा हिशेब आता एकाच प्रश्नात होतो :

```sql
SELECT item,
       SUM(amount) AS sale,
       SUM(SUM(amount)) OVER () AS total,
       ROUND(100.0 * SUM(amount)
             / SUM(SUM(amount)) OVER (), 2) AS pct
FROM sales
GROUP BY item
ORDER BY sale DESC;
```

`SUM(SUM(amount))` पाहून पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. बेरजेची बेरीज कशाला? उत्तर आपल्या जुन्या वह्यांत आहे. कीर्दीतल्या नोंदी मालवार खतावणीत उतरवल्या, की प्रत्येक खात्याची एक बेरीज येते. ती आतली `SUM`. मग खतावणीतल्या साऱ्या खात्यांच्या बेरजा एकत्र केल्या, की तेरजेची मोठी बेरीज येते. ती बाहेरची `SUM`. `OVER` पुढचा कंस रिकामा आहे, याचा अर्थ कसलेही गट न पाडता निकालातल्या सर्व ओळींवर नजर टाक. ही नजर टाकताना ओळी मात्र गिळल्या जात नाहीत. गुळाची ओळ गुळाचीच राहते आणि तिच्या शेजारी 2,00,000 ही एकूण बेरीज येऊन बसते. उत्तर येते : तांदूळ 30 टक्के, मिरची 30, गूळ 20, शेंगतेल 20.

प्रश्नातला `100.0` मुद्दाम आहे. काही प्रणालींत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर अपूर्णांक टाकून दिला जातो. तिथे आधी भागाकार करून मग शंभराने गुणले, तर साऱ्या मालांपुढे शून्य टक्के येतात. दशांशचिन्ह असलेल्या शंभराने आधी गुणले की हा घोटाळा होत नाही.

ही सोय एसक्यूएलच्या प्रमाणात 2003 पासून आहे. मायएसक्यूएलमध्ये ती 2018 च्या 8.0 आवृत्तीत आली. तोवर एकूण बेरीज काढण्यासाठी पोटात दुसरा प्रश्न लिहावा लागे आणि वरची प्रत्येक अट खालीही पुन्हा लिहावी लागे. समजा वरच्या प्रश्नात "फक्त कर्नाटक" ही अट घातली आणि पोटातल्या प्रश्नात घालायची राहिली. मग अंश कर्नाटकाचा आणि छेद साऱ्या दुकानाचा. चारही टक्क्यांची बेरीज शंभर न येता 60 येते. नव्या पद्धतीत अट एकदाच लिहायची असते आणि छेद त्याच ओळींतून तयार होतो. म्हणून नवी पद्धत चांगली, असे सर्वजण म्हणतात. मीही म्हणतो. पण इथेच माझी एक तक्रार आहे.

जुन्या पद्धतीत चूक झाली तर ती ओरडून सांगत असे. बेरीज 60 आली, की हिशेबनीस दचकून मागे पाही. नव्या पद्धतीत अंश आणि छेद एकाच पाण्यावर वाढतात. ओळी कमी झाल्या तर दोन्ही कमी होतात, वाढल्या तर दोन्ही वाढतात, आणि टक्क्यांची बेरीज नेहमीच शंभर येते. विद्यार्थी मोठ्या अभिमानाने सांगतात, "सर, शंभर भरले, उत्तर बरोबर." माझे स्पष्ट मत असे, की या पद्धतीत शंभर भरणे हा कशाचाही पुरावा नाही.

पहिले उदाहरण आपल्या सीमाभागाचेच घेऊ. 2017 पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर लागतात. माल दुसऱ्या राज्यात गेला, तर एकात्मिक कर लागतो. त्यामुळे हिशेबनीस करासाठी राज्यवार याद्या काढून ठेवतो. आपल्या दुकानाची फक्त कर्नाटकाची यादी घेऊन, म्हणजे `WHERE state = 'KA'` ही अट घालून, वरचाच प्रश्न विचारला तर तांदूळ 41.67 टक्के, गूळ 25, शेंगतेल 23.33 आणि मिरची 10 टक्के येते. बेरीज नेमकी शंभर. मालकाच्या हाती हा कागद पडला तर तो म्हणेल, "मिरची दहाच टक्के? मग गोदामात तिला एवढी जागा कशाला?" हंगामात संकेश्वरी मिरची भरून ठेवायची ती तो अर्ध्यावर आणील. वास्तविक सबंध दुकानात मिरची 30 टक्के आहे आणि महाराष्ट्राच्या विक्रीत तर 60 टक्के आहे. तिन्ही आकडे खरे आहेत. फरक फक्त छेदाचा आहे, आणि छेद कागदावर छापलेला नाही.

"निकालातल्या सर्व ओळी" म्हणजे नेमक्या कोणत्या, हेही म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे. संगणक आधी `WHERE` ने नोंदी गाळतो, मग गट पाडतो, मग `HAVING` ने गट गाळतो. एवढे झाल्यावर ज्या ओळी उरतात त्यांच्यावर `OVER ()` ची बेरीज होते. ओळींचा क्रम लावणे आणि `LIMIT` ने पहिल्या काही ओळी दाखवणे, हे त्यानंतरचे काम आहे. आपल्या दुकानाचे फक्त दोन मोठे माल दाखवायचे आहेत असे समजा. `LIMIT 2` लिहिले तर तांदूळ 30 आणि मिरची 30 टक्के दिसते, कारण छेद 2,00,000 हाच राहिला. पण `HAVING SUM(amount) > 50000` लिहिले तर त्याच दोन ओळी येतात, आणि तांदूळ 50, मिरची 50 टक्के होते. गूळ आणि तेल छेदातूनच गेले, छेद 1,20,000 झाला. गट गाळूनही सबंध दुकानाचा छेद हवा असेल, तर आधी आतल्या प्रश्नात टक्के काढावेत आणि गाळणी बाहेरच्या प्रश्नात लावावी.

दुसरे उदाहरण याहून घातक आहे, कारण त्यात आकडाच खोटा असतो. समजा विक्रीच्या तक्त्याला दरांचा तक्ता जोडला. मिरचीचा दर महिन्यात एकदा बदलला, म्हणून दरांच्या तक्त्यात मिरचीच्या दोन ओळी आहेत. जोडणी फक्त मालाच्या नावाने केली आणि दराची तारीख पाहिली नाही, तर मिरचीची प्रत्येक नोंद दोनदा मोजली जाते. 60,000 चे 1,20,000 होतात आणि एकूण बेरीज 2,60,000. आता मिरची 46.15 टक्के, तांदूळ 23.08, गूळ 15.38, शेंगतेल 15.38. बेरीज 99.99. यावर मुले एक शतांश कुठे गेला ते शोधू लागतात. तो शतांश निरुपद्रवी आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे पूर्णांकित केले की असे होऊ शकते. ज्याचा शोध घ्यायला हवा ते 60,000 रुपये मात्र तिथेच उजळ माथ्याने बसलेले असतात.

ही चूक ओळखायची कशी? टक्क्यांकडे पाहून ती कधीच ओळखता येणार नाही. त्यासाठी `total` हा रकाना लागतो. त्यात 2,60,000 दिसले आणि कीर्दीतली महिन्याची बेरीज 2,00,000 असली, की क्षणात कळते. म्हणून वरच्या प्रश्नात तो रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. काही मंडळी म्हणतात, एकच आकडा प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा छापणे कुरूप दिसते, अहवालातून तो काढून टाकावा. दिसण्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तो रकाना काढला की कागद वाचणाऱ्याच्या हातातले पडताळ्याचे एकमेव साधन गेले. फार तर कागदाच्या माथ्यावर एकदाच लिहा : "एकूण 2,00,000 रुपये, दोन्ही राज्यांची विक्री, अमुक महिना." पण लिहा.

एक मर्यादाही सांगतो. परत आलेला माल उणे रकमेने नोंदवलेला असेल आणि एखाद्या मालाची परती विक्रीपेक्षा जास्त झाली असेल, तर त्याचे टक्के उणे येतील आणि बाकीच्या मालांची बेरीज शंभराच्या वर जाईल. गणित चुकलेले नसते, पण अशा वेळी "वाटा" हा शब्दच लागू पडत नाही. तिथे विक्री आणि परती वेगवेगळी दाखवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत टक्केवारीचे कोणतेही उत्तर छेद लिहिल्याखेरीज पूर्ण धरू नये, आणि तो छेद कीर्दीशी ताडून पाहिल्याची खूण शेजारी असावी. उद्या यांतली अनेक मुले बाजारात, पतसंस्थांत, गोदामांत हिशेबाला बसतील. त्यांनी काढलेल्या टक्क्यांवर कुणाची मिरची भरली जाईल, कुणाची नाकारली जाईल, आणि ज्याची मिरची नाकारली त्याला कारण म्हणून एक आकडा दाखवला जाईल. तेव्हा त्याने "हे टक्के कशाचे?" असे विचारले, तर उत्तर त्याच कागदावर असावे.