पट्टी सांगते एक, सूक्ष्मदर्शक दाखवतो दुसरेच

पावसाळ्यात आमच्या भांडुपच्या दवाखान्यांतून मूत्रपरीक्षणाचा एक ठराविक अहवाल वारंवार हाती येतो. ‘पस सेल्स ८-१०’ या एका ओळीवर बोट ठेवून रुग्ण मूत्रकृच्छ्राचा ठरवला जातो, आणि चंद्रप्रभा व गोक्षुरादि गुग्गुळ लिहून अहवाल बाजूस ठेवला जातो. ही सवय घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. का, ते एका नमुना-प्रश्नाने मांडतो.

पस्तिशीतील एक कामगार. आठ दिवसांपूर्वी लालबहादूर शास्त्री मार्गावर साचलेल्या गुडघाभर पाण्यातून तो चालत घरी गेला. पाच दिवसांपासून ताप आहे, पोटऱ्या दाबल्या की तो कळवळतो, डोळे लाल आहेत. मूत्र चहासारखे तपकिरी, पण प्रमाण भरपूर, दाह नाही. अहवाल असा: विशिष्ट गुरुत्व १.०१०, प्रोटीन एक प्लस, पट्टीवर रक्त तीन प्लस, नायट्राइट निगेटिव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स ८-१०, रक्तपेशी केवळ २-३, ग्रॅन्युलर कास्ट २-३.

येथे पहिला प्रश्न असा की, पट्टीवर तीन प्लस रक्त असताना रक्तपेशी गेल्या कोठे? पट्टीचा तो चौकोन रक्तपेशी मोजत नाही, तर हीम या घटकामुळे रंग बदलतो. हीम हिमोग्लोबिनमध्ये असते, तसेच स्नायूंतील मायोग्लोबिनमध्येही असते. म्हणून या विसंगतीची तीन कारणे संभवतात. नमुना पडून राहिल्याने रक्तपेशी फुटल्या असतील, शरीरातच रक्तपेशींचा नाश होत असेल, किंवा स्नायुपेशी फुटून मायोग्लोबिन मूत्रात उतरत असेल. पहिले कारण ताजा नमुना तपासून दूर होते. उरलेल्या दोहोंत सीरमचा रंग पाहावा. तो लालसर असेल तर रक्तपेशींचा नाश. स्वच्छ असेल आणि सीपीके बरेच वाढलेले असेल तर स्नायू. पोटऱ्यांच्या वेदना या रुग्णात तिसऱ्या कारणाकडेच बोट दाखवतात.

दुसरा प्रश्न कास्टचा. कास्ट म्हणजे वृक्कनलिकांत थिजून तयार झालेले साचे. ते मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात तयार होत नाहीत. रक्तपेशींचे कास्ट असतील तर व्याधी ग्लोमेरुलसचा, श्वेतपेशींचे असतील तर वृक्काच्याच दाहाचा विचार करावा. ग्रॅन्युलर कास्ट मोजके असतील तर ते अतिश्रमानंतर किंवा नुसत्या तापातही दिसू शकतात, हे मान्य. परंतु ते तपकिरी व पुष्कळ असतील, किंवा येथल्याप्रमाणे १.०१० या गुरुत्वासोबत येत असतील, तर वृक्कनलिका आजारी असल्याची शंका घेतलीच पाहिजे. आता ‘पस सेल्स’चा अर्थही बदलतो. श्वेतपेशी नलिकांच्या दाहातूनही येतात. नायट्राइट निगेटिव्ह असल्याने संसर्ग नाहीच असे सिद्ध होत नाही. पण दाह नसताना तो गृहीत धरण्यास आधारही उरत नाही.

ही सारी लक्षणे एकत्र जुळवली की लेप्टोस्पायरोसिस समोर उभा राहतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली, हे आपणांस ठाऊक आहेच. या रोगात मूत्राचे प्रमाण भरपूर असूनही वृक्क बिघडलेले असू शकते आणि रक्तातील पोटॅशियम घसरलेले असते. अशा वेळी मूत्रल औषध देणे म्हणजे गळक्या घागरीला आणखी एक भोक पाडणे होय. क्रिएटिनिन, पोटॅशियम, प्लेटलेट आणि बिलिरुबिन यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि रुग्ण राजावाडी किंवा शीव रुग्णालयाकडे जावा. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली, तरी त्यावर विसंबून थांबू नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही पोटऱ्या दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक हातावर ठेवू नये. तापलेल्या, निर्जलित वृक्कास ते मारक आहे.

मात्र हे वाचन नमुन्याइतकेच विश्वसनीय असते. सकाळी संकलन केंद्रावर दिलेली बाटली सायंकाळी मुख्य प्रयोगशाळेत उघडली गेली, तर कास्ट विरघळलेले आणि रक्तपेशी फुटलेल्या असतात. नमुना दोन तासांत तपासला जावा. योगरत्नाकराने पहिली धार सोडून मधली धार घेण्यास सांगितले आहे. ती शिस्त आपण रुग्णास समजावून सांगतो का, हेही स्वतःस विचारावे.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. प्रयोगशाळांनी अहवालावर नमुना घेतल्याची व तपासल्याची वेळ छापावी, असा आग्रह संघटनेने धरावा. आणि पट्टी व सूक्ष्मदर्शक यांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर ताजा नमुना पुन्हा पाहिल्याखेरीज आपल्यापैकी कोणीही चिठ्ठीवर मूत्रकृच्छ्र हा शब्द लिहू नये.