टॉवर पुसताना आकाश सांभाळा

चरोद्याच्या रेल्वे यार्डातून वडील निवृत्त होतात आणि मुले ठरवतात, की गच्चीवरून दिसणाऱ्या वस्तीचा मोठा फोटो त्यांना भेट द्यायचा. फोटो सुरेख येतो, पण मधोमध मोबाइलचा टॉवर! त्याचा वरचा भाग आकाशात असतो, तर खालचा शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांवर. अशा वेळी संगणकावरचा GIMP हा मोफत प्रोग्राम कामी येतो.

सर्वप्रथम मूळ फोटो जपून ठेवून प्रतीवर काम करावे. आकाश सोपे वाटते, पण फसगत तिथेच होते. निळा रंग सर्वत्र सारखा नसतो. क्षितिजाजवळ तो फिकट असतो आणि वर गडद होत जातो. म्हणून टॉवरच्या जागी वरचे आकाश आणून चिकटवले, तर पट्टा उठून दिसतो. Clone हे साधन निवडून Ctrl दाबून ठेवावे आणि टॉवरच्या शेजारी, त्याच उंचीवरच्या आकाशावर क्लिक करावे. मग तो रंग टॉवरवर फिरवावा. सूर्याच्या बाजूचे आकाश उजळ असते, म्हणून अर्धा भाग डावीकडून आणि अर्धा उजवीकडून भरावा. राहिलेली सीमारेषा Heal या साधनाने मिसळते. मात्र गच्चीच्या कडेजवळ Heal वापरू नये, कारण कठड्याचा गडद रंग आकाशात ओघळतो. तिथे बारीक ब्रशने Cloneच वापरावे.

इमारतीचा भाग अधिक कठीण असतो. टॉवरमागची खिडकी त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या खिडकीवरून उतरवता येते, पण दूर जाणारी भिंत लहान होत जात असल्याने खिडकीही त्या मापाने लहान करावी लागते. टॉवरची भिंतीवर पडलेली सावलीही पुसायला विसरू नये. टॉवर नाही आणि सावली आहे, असे दिसले की चोरी पकडली गेलीच!

पण मागे नेमके काय होते, हे कोणताही ब्रश सांगू शकत नाही. त्यावर उपाय फोटो काढतानाच करावा. तीन-चार पावले बाजूला सरकून दुसरा फोटो घ्यावा. टॉवर जवळ असल्याने तो मागच्या इमारतीपुढून सरकलेला दिसतो आणि झाकलेली खिडकी उघडी पडते. मग अंदाज करावा लागत नाही, खरीच खिडकी बसवता येते.

शेवटी चित्र आडवे उलटे करून पाहावे आणि थोडा वेळ कॉन्ट्रास्ट खूप वाढवावा. लपलेले ठिगळ लगेच दिसते. एकाच आकाराचा ढग किंवा पाण्याची टाकी दोनदा दिसली, तर ती जागा पुन्हा करावी.

भिंतीवरच्या फोटोत ही सफाई शोभते. तेच घर विकायला काढले, तर ग्राहकाला मात्र मूळ फोटोच दाखवावा. टॉवर तर तिथे उभाच आहे ना!