आठ आठवडे मागा

बाळंतपणाची रजा संपत आलेल्या बाईपुढे प्रश्न असतो, घरून काम मागायचं कसं? 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात याची तरतूद आली. पण ती हक्क देत नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक परवानगी देऊ शकतो, अटी दोघांनी ठरवाव्यात, एवढंच म्हणते. तेव्हा अटी आपणच लिहून न्याव्यात.

समजा, ती बदलापूरहून अंधेरीला जाते, लेखा विभागात आहे. नुसती सवलत मागितली तर साहेब कचरतात, कारण एकदा दिलेला होकार मागे घेणं अवघड. त्याऐवजी तिने लिहावं : मंगळवार-गुरुवार घरून, आठ आठवडे. सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 3 ते 6 फोनवर हजर; मधले दोन तास बाळाचे, ते रात्री 8 ते 10 भरून काढीन. महिनाअखेरीस रोज ऑफिसात.

‘दिवसभर उपलब्ध’ असं मात्र कधीच लिहू नये. तो शब्द पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि विश्वासही जातो.

आढावा चौथ्या आठवड्यात हवा. त्यासाठी रजेआधीच्या महिन्यात किती बिलं नोंदली, किती चुका निघाल्या, याची टिपणं हवीत. नाहीतर तुलना कशाशी करणार? शेजारच्या टेबलावरच्यांना तिची कामं उचलावी लागत असतील, तर वेळापत्रक लगेच बदलावं.

अर्ज ईमेलने करा, आणि होकारही ईमेलवरच घ्या.